सोसायटीच्या जिन्याला आणि बाहेरून शांत रंग सुचवायचाय, समितीला द्यायचं पत्र वाचून सांगाल का?

सई_मेहरूण

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला राहतो. तळमजला धरून चार मजले, सोळा घरं. अकरा वर्षांपूर्वी जिन्याला खालून चार फूट चकचकीत पोपटी ऑइलपेंट आणि वर केशरी लावला होता. बाहेरून इमारत जांभळी-पिवळी आहे, म्हणजे होती. आता जांभळा पश्चिमेकडे करडा झालाय आणि पूर्वेकडे अजून जांभळाच आहे.

सासऱ्यांचं मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ते म्हणतात, "सूनबाई, जिन्यात शिरलं की डोळ्यांत कोणी मिरची टाकल्यासारखं होतं." डॉक्टरांनी सांगितलं की आधीची भिंग पिवळट झालेली असते, ती काढली की रंग एकदम उजळ दिसायला लागतात. शिवाय पोपटी ऑइलपेंटवर ट्यूबलाइटची अख्खी नळी चमकते. आता यंदा रंगकाम निघणार आहे, तर त्याआधी समितीला पत्र द्यावं म्हणून हा मसुदा लिहिलाय.

> प्रति,
> मा. अध्यक्ष व सचिव, व्यवस्थापक समिती
>
> विषय : जिना व बाह्य भिंतींसाठी शांत रंगसंगतीचा प्रस्ताव
>
> महोदय,
> या वर्षीच्या रंगकामात पुढील रंगसंगतीचा विचार व्हावा ही विनंती. जिन्याच्या सर्व भिंती, छत आणि पायऱ्यांच्या उभ्या बाजू एकाच फिकट सायीच्या रंगात, चमक नसलेल्या. बाहेरून पूर्ण पांढरा रंग, गच्चीच्या कठड्यापर्यंत. ज्येष्ठ सभासदांच्या डोळ्यांना भडक रंग व चमक यांचा त्रास होतो. फिकट रंगाने जिना उजळ व मोठा वाटेल.
> कळावे. आपली विश्वासू.

काही राहिलंय का? काही चुकतंय का? मोकळेपणाने सांगा.

---

केळीचं_पान

मस्त पत्र. पांढराच लावा. आमच्या रावेरकडे उन्हात जीव जातो, पांढरा रंग लावला की घर थंड राहतं. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, तिथे जांभळा रंग कोणी सुचवला होता कोण जाणे.

---

भरीत_पार्टी

सई, तुझ्या सासऱ्यांचं बोलणं वाचून माझ्या आईची आठवण आली. पण एक विचारू? हॉलला टीव्हीच्या मागच्या भिंतीला कुठला रंग चांगला दिसेल? आम्ही पण रंग काढतोय.

---

सई_मेहरूण

@भरीत_पार्टी, त्यासाठी वेगळा धागा काढ, तिथे येऊन सांगते नक्की. इथे जिनाच राहू दे.

---

रंगकाम_धुळे

मी तीस वर्षं हेच काम करतोय, आता मुलगा बघतो. पत्र चांगल्या मनानं लिहिलंय, पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की काम झाल्यावर तुमच्याच अंगावर येतील.

पहिली. खालच्या चार फुटांना ऑइलपेंट आहे. त्यावर थेट प्लास्टिक किंवा इमल्शन मारलं तर ते धरत नाही. सहा-आठ महिने ठीक दिसतं, मग एखाद्या पोरानं नख लावलं की दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा हातात येतो. ठेकेदार दरात घासणं धरत नाहीत, म्हणून तुम्ही पत्रातच मागा. आधी साबणपाण्यानं तेलकट हात धुवून काढायचे, सुकलं की घासपेपरनं चमक पूर्ण मारायची, भिंत तळहाताला खरखरीत लागली पाहिजे, मग ऑइलपेंटवर चालणारा प्रायमर, आणि त्यावर रंग. धरलंय की नाही हे बघायला एक कोपरा आधी करून घ्या. चार दिवसांनी ब्लेडनं त्यावर बारीक चौकट्या पाडा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर चौकटी निघाल्या तर काम तिथेच थांबवायचं.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. तिच्यावर उद्या लिहितो, आता साइटवर निघालोय.

---

आबा_पिंप्राळा

भाऊ, तो पोपटी रंग मना नातूले भारी आवडस. बठ्ठं पांढरं करी टाकं तं दवाखाना वाटस.

---

तापीकाठ

आबांशी सहमत. भडक रंगाला नाकं मुरडायची हल्ली पद्धतच झाली आहे. पोळ्याला आपण बैलांची शिंगं रंगवतो, कानबाईला घर सजवतो, आखाजीला झोक्यावरच्या पोरींच्या साड्या बघा. रंग ही आपली माया आहे. मोठ्या शहरांतल्या टॉवरसारखं सगळं राखाडी करून आपण कोणाला दाखवायचंय?

---

सई_मेहरूण

@तापीकाठ, हे अगदी मनाला लागलं. मी रंगाच्या विरोधात नाही हो. कानबाईला आमच्याच जिन्यातून मिरवत खाली उतरतात, तेव्हा तिच्या चौरंगाचा रंग, फुलं, नवीन साड्या हे सगळं उठून दिसावं असंच मला वाटतं. आज मागची भिंत इतकी ओरडते की कानबाईचा फोटो काढला तर आधी पोपटी दिसतो.

---

केळीचं_पान

तापीकाठदादा, गरमीचं काय? गरमीला रंगाची माया नाही.

---

रंगकाम_धुळे

केळीचं_पान, तुमचं अर्धं बरोबर आहे. पांढरा उजेड जास्त परत फेकतो, भिंत कमी तापते. पण वरच्या मजल्याच्या घरात जी भट्टी होते ती मुख्यतः गच्चीच्या स्लॅबमुळे होते. दुपारी ऊन डोक्यावर असतं तेव्हा ते भिंतीवर तिरकं पडतं आणि गच्चीवर सरळ. गच्ची काळी ठेवून भिंती पांढऱ्या केल्या तर फरक थोडाच. आधी गच्चीवर पांढरा परावर्तक लेप द्या, मग पश्चिमेच्या भिंतीचा विचार करा.

आणि पूर्ण पांढऱ्याचा आपल्याकडचा त्रास सांगतो. एक तर उन्हात समोरच्या घरांना झळाळी जाते, खिडकी उघडवत नाही. दुसरं, आपली काळी माती. उन्हाळ्यात ती धूळ होऊन छज्जांवर बसते आणि पहिल्या पावसात खिडकीखाली काळे ओघळ सोडते. छज्जाच्या खालच्या काठाला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी भिंतीला चिकटूनच उतरतं. पांढऱ्यावर ते पहिल्या आषाढातच दिसतात. साय, बदामी, ज्वारीचा रंग यावर ते कितीतरी उशिरा डोळ्यांत भरतात, आणि ऊनही बरंचसं परत जातं. कंपन्या शेडच्या माहितीत एलआरव्ही म्हणून एक आकडा देतात, शंभरात किती उजेड परत जातो त्याचा. पांढऱ्याचा ऐंशीच्या वर असतो. साठ ते सत्तरच्या मधला बघा, आपल्या हवेला तो बरा.

---

निशिगंधा_चाळीसगाव

@सई, तुमचा जांभळा पश्चिमेला करडा झाला त्याचं कारण कोणी सांगेल का? आमच्याही कॉलनीत एक गुलाबी इमारत होती, तीन उन्हाळ्यांत ती फिकट मऊ भातासारखी झाली.

---

रंगकाम_धुळे

उन्हातली अतिनील किरणं रंगाचं द्रव्य तोडतात. जांभळा, गुलाबी, चकचकीत पिवळा, पोपटी यांत बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यं असतात, ती लवकर विटतात. गेरू आणि पिवळी माती यांचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडमुळे असतो. ते आधीच गंजलेलं, आता ऊन त्याला आणखी काय करणार? म्हणून गेरूच्या, मातीच्या जातीचे शेड बाहेर वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या आज्या जोत्याला गेरू लावायच्या ते उगाच नव्हतं.

---

तापीकाठ

हे आवडलं. मग सगळं सायीचं करून जोतं गेरूचं ठेवलं तर? जमिनीपासून दोन-अडीच फूट. पावसात मातीचे शिंतोडे तेवढ्याच उंचीपर्यंत उडतात, गेरूत ते दिसायचे नाहीत. आणि प्रवेशद्वाराची कमान पण गेरूची.

---

सई_मेहरूण

तापीकाठ, हे तर मला सुचलंच नव्हतं! हे पत्रात घेतेय. मनापासून आभार.

---

सुलूताई_अमळनेर

मी सत्तर वर्षांची आहे, पहिल्यांदाच या धाग्यावर लिहितेय. सई बाळा, तुझ्या पत्रात पायऱ्यांच्या उभ्या बाजूसुद्धा भिंतीच्याच रंगाच्या करायचं लिहिलंय. ते तेवढं करू नको.

आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी असंच केलं. अंगणातून आत आलं की फार छान वाटतं, थंडावा, मऊपणा. पण पायऱ्यांचा दगड आधीच फिक्या रंगाचा, उभी बाजू तशीच, भिंत तशीच. मला उतरताना पायरी संपली की नाही तेच कळत नाही. वरच्या मजल्यावरून उतरताना मधल्या चौकाच्या आधीच्या पायरीवर मी थांबते, एका हाताने कठडा धरते आणि चपलेचा अंगठा हळूहळू पुढे सरकवत काठ शोधते. अंगठा खाली गेला की पायरी आहे, नाही गेला की चौक आला. संध्याकाळी दिवा लागायच्या आधीचा जो अर्धा तास असतो त्यात तर मी खाली जायचंच सोडलंय. शेजारच्या काकांनी एक पायरी जास्त आहे समजून पाय टाकला आणि गुडघ्यावर बसले. मोडलं नाही काही, पण दोन महिने घरीच होते.

---

रंगकाम_धुळे

सुलूताईंनी माझ्या मनातलंच लिहिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. दुसरी गोष्ट ती हीच.

फिकट रंगात सगळं बुडवलं की जिना शांत होत नाही, सपाट होतो. शांत म्हणजे रंग कमी असावेत, त्यांची तीव्रता उतरलेली असावी, वरची भिंत चकाकणारी नसावी. पण जिथे डोळ्याला काठ लागतो तिथे काठ ठेवलाच पाहिजे. प्रत्येक पायरीच्या नाकाला, म्हणजे पुढच्या काठावर, दोन बोटं रुंद पट्टी. दगड फिका असेल तर गडद पट्टी, दगड काळा-हिरवट असेल तर फिकी. पट्टी आडव्या बाजूवर हवी, कारण उतरणाऱ्याला वरून तीच दिसते. उभ्या बाजूवर रंग मारला तर तो फक्त चढणाऱ्याला दिसतो, आणि पडतात ते बहुतेक उतरणारे.

---

केळीचं_पान

रंगाची पट्टी पायांनी घासून जाणार की. दोन महिन्यांत.

---

रंगकाम_धुळे

साधा रंग जातोच. म्हणून मी पट्टीसाठी दगडात उथळ खाच पाडून खरबरीत पट्टी बसवायला सांगतो, पाय पण घसरत नाही. खर्च नको असेल तर रस्त्यावर पट्टे मारायला वापरतात तो रंग, आणि दर दिवाळीला पुन्हा. पण तोही गुळगुळीत घोटलेल्या दगडावर नीट धरत नाही, तिथे खाचच बरी.

---

सई_मेहरूण

सुलूताई, तुमचा प्रतिसाद मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझं पण तसंच होतं, पण मी सांगितलं नव्हतं." आम्ही आत्ताच दोघं जिन्यात जाऊन आलो. आमच्या पायऱ्या कोट्याच्या, हिरवट राखाडी, म्हणजे आम्हाला फिकी पट्टी लागेल. मी खडूनं चार पायऱ्यांच्या काठावर रेघ मारली आणि ते न थांबता उतरले. चारच पायऱ्या. पाचवीला पुन्हा थांबले.

तेवढ्यासाठी तरी हे पत्र पूर्ण बदलायचं ठरवलंय.

---

भरीत_पार्टी

वाचून डोळ्यांत पाणी आलं. 🙏

---

भुसावळ_स्टेशन

आमचं उदाहरण देतो, कारण तुमची इमारत पण काळ्या मातीवर असणार. आमच्याकडे तळमजल्याच्या जिन्यात भिंतीला लोणा लागला होता, पांढरी भुकटी. समितीने घाईत दसऱ्याआधी पुट्टी लावून रंग मारला. होळीपर्यंत पुट्टीसकट फुगून पडला. ठेकेदार म्हणे रंग खराब, रंगाच्या दुकानदाराने सांगितलं ठेकेदार खराब, आणि ओल कुठून येतेय ते कोणी बघितलंच नाही. शेवटी गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीत चिरलेला निघाला.

---

रंगकाम_धुळे

ओल आहे की नाही ते घरच्या घरी कळतं. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा जाड कागद, चारही कडा चिकटपट्टीनं हवाबंद करून भिंतीला लावा आणि एक दिवस-रात्र ठेवा. काढल्यावर कागदाची भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय, आधी पाइप किंवा गच्ची. बाहेरची बाजू ओली असेल तर ती हवेतली वाफ. आणि लोणा धुऊ नका, कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं क्षार पुन्हा आत जातो आणि सुकताना परत बाहेर येतो.

---

वकील_नंदुरबार

पत्राच्या कायदेशीर बाजूबद्दल थोडं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदणी असेल तर बाहेरचा रंग बदलण्यासारखं मोठं काम एकट्या समितीच्या ठरावावर रेटू नये, सर्वसाधारण सभेत ठराव व्हायला हवा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि सभासदांना १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. म्हणून पत्र ऑगस्टमध्येच द्या आणि त्यात शब्दशः लिहा, "हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा." नाहीतर सभेत "ऐनवेळच्या विषयांत बघू" असं होतं आणि बघणं राहून जातं. पत्राची दुसरी प्रत घेऊन त्यावर पोचसही घ्यायला विसरू नका.

पैसे दुरुस्ती निधीतून. आदर्श उपविधींप्रमाणे तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का असतो. पाव टक्क्याच्या सिंकिंग फंडाला रंगासाठी हात लावू देऊ नका, तो वेगळ्या कामासाठी आहे.

---

निशिगंधा_चाळीसगाव

खूप उपयोगी. सई, दोन-तीन ठेकेदारांचे दर आणलेत का? आमच्याकडे दोन कोटेशनांत इतका फरक होता की समितीचं भांडणच झालं.

---

सई_मेहरूण

हो, आमच्याकडेही दोन आलेत. एकाने ८,८२० चौरस फूट लिहिलं, दुसऱ्याने ७,३४८. दोघांनी तीच इमारत मोजली! पहिल्याचा दर कमी आहे, म्हणून सचिव त्याच्या बाजूने आहेत.

---

रंगकाम_धुळे

इमारत किती बाय किती? आणि खिडक्या किती?

---

सई_मेहरूण

लांबी ६० फूट, रुंदी ४५, उंची कठड्यासकट ४२. प्रत्येक घराला ४ बाय ४ च्या चार खिडक्या, आणि ४ बाय ७ चं एक बाल्कनीचं दार.

---

रंगकाम_धुळे

मग दोघंही खरं बोलतायत. चारही बाजू मिळून २१० फूट, गुणिले ४२, झाले ८,८२०. पहिल्याने खिडक्या-दारं न वजा करता मोजलंय. ६४ खिडक्यांचे १,०२४ आणि १६ दारांचे ४४८, असे १,४७२ दुसऱ्याने वजा केले. पहिल्याचा दर कमी असला तरी त्याच्या मोजणीत खिडकीच्या हवेलाही रंगाचे पैसे आहेत. दोघांनाही एकाच मोजणीवर दर द्यायला सांगा, मग तुलना करा. छज्जे आणि खिडक्यांच्या कडा वेगळ्या लिहून घ्या, नाहीतर शेवटी "ते धरलं नव्हतं" येतं.

रंगाचा अंदाज असा ठेवा. बाहेरचं इमल्शन जुन्या भिंतीवर दोन हातांत लिटरला सुमारे पन्नास चौरस फूट जातं. ७,३४८ ला दीडशेच्या आसपास लिटर, म्हणजे वीस लिटरच्या आठ बादल्या. ठेकेदाराने पाचच बादल्या आणल्या तर समजा की पाणी जास्त पडतंय नाहीतर दुसरा हात मारायचा विचार नाही. रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत गेटजवळ ठेवायला सांगा आणि रोज मोजा.

---

केळीचं_पान

बादल्या मोजायच्या, ही फार कामाची गोष्ट. आमच्या अध्यक्षांना लगेच पाठवतो.

---

आबा_पिंप्राळा

बादल्या मोजी राह्यना तं आमना पेंटर पयी जाई 😄

---

तापीकाठ

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? जिन्याचा रंग नक्की कुठला? "शांत" म्हणून लिहिलं तर समितीतला प्रत्येकजण आपापला शांत रंग आणेल.

---

निशिगंधा_चाळीसगाव

+१. आणि शेडकार्डावरून ठरवू नका बाई. बोटभर चौकटीत जो मंद वाटतो तोच अख्ख्या भिंतीवर उजळ आणि भडक होतो. आम्ही 'मंद पिस्ता' निवडला होता, लागल्यावर तो आइसक्रीमचं दुकान झाला. कार्डावर आवडतो त्याहून एक पायरी मळकट घ्यायचा.

---

रंगकाम_धुळे

बरोबर. आणि नमुना लावायची पण रीत आहे. छोटा डबा आणा. तीन फूट बाय तीन फूट जागेला आधी पांढरा प्रायमर, मग दोन हात रंग, आणि भोवती चार बोटं पांढरी कड सोडा. कड नसेल तर शेजारचा पोपटी नव्या रंगाला खाऊन टाकतो, सायीचा रंग गुलाबी दिसायला लागतो. एक नमुना खिडकीसमोर, एक तळमजल्यावर अंधारात. सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री दिव्यात, तीनदा बघा. तुमच्या जिन्यात निळसर पांढऱ्या एलईडी ट्यूब असतील तर राखाडी रंग त्यात उदास दिसेल. उत्तरेच्या खिडकीच्या जिन्यात उबदार शेडच घ्यावी.

---

सुलूताई_अमळनेर

आणि बघायला तरुण मंडळींना एकट्यांना पाठवू नका. वर राहणारी दोन म्हातारी माणसं बोलवा.

---

सई_मेहरूण

सगळ्यांचं वाचून रविवारी दोन नमुने लावले. चार दिवस तिन्ही वेळा बघितले. राखाडी रात्री खरंच दवाखान्यासारखा झाला, आबा बरोबर होते. ज्वारीच्या कण्यांचा रंग मात्र सकाळ-संध्याकाळ तसाच राहिला. सासरे तळमजल्यावर उभे राहून म्हणाले, "इथे बसून पेपर वाचता येईल."

खाली चार फुटांना मुलांच्या हातांचा, सायकलच्या हँडलचा विचार करून कळण्याच्या भाकरीसारखा करडा-तपकिरी ठरवतेय, धुता येणारा पण अर्धीच चमक असलेला. घरांच्या चौकटी त्याहून थोड्या गडद, म्हणजे वयस्कर माणसाला दार कुठे आहे ते लांबून कळेल. पत्राचा मधला भाग आता असा झालाय:

> जिना : भिंतीचा वरचा भाग ज्वारीच्या छटेत, चमक नसलेला. खालचे चार फूट करड्या-तपकिरी छटेत, धुता येणारा. छत पांढरे. प्रत्येक पायरीच्या पुढच्या काठावर, आडव्या बाजूस, दोन बोटे रुंद फिकी खरबरीत पट्टी. जुना ऑइलपेंट घासून, प्रायमर देऊन, चिकटपट्टीची चाचणी झाल्यावरच पुढील काम.
>
> बाहेर : सायीची छटा, एलआरव्ही ६० ते ७०. जोते अडीच फूट व प्रवेशद्वाराची कमान गेरूच्या छटेत. गच्चीवर परावर्तक लेप. तळमजल्याच्या जिन्यात ओल आढळल्यास तिचे कारण शोधून दुरुस्ती झाल्यानंतरच रंग.
>
> नमुने जिन्यात लावलेले आहेत. सर्व सभासदांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, पाहून मत द्यावे. हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

---

वकील_नंदुरबार

उत्तम. "विशेषतः ज्येष्ठांनी" हे वाक्य काढू नका, सभेत कोणी विरोध करायच्या आधी ते लोक बोलतील.

---

भुसावळ_स्टेशन

एकच अडचण. दिवाळीआधी करणार का नंतर? आमच्या समितीने दिवाळीआधीचाच हट्ट धरला होता.

---

रंगकाम_धुळे

नंतर. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला मागे फिरतो. भिंतीतली ओल बाहेर यायला त्यानंतर निदान दोन-तीन आठवडे कोरडं ऊन लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपलं रंगाचं हवामान. एप्रिल-मेमध्ये भिंतीला हात टेकवत नाही, रंग ब्रशवरच वाळतो आणि फटकारे उमटतात. तेव्हा करायचंच झालं तर सावलीमागून काम करतात. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारी पूर्वेची.

---

तापीकाठ

मला नाही पटत पूर्ण. दिवाळीला घरी येणाऱ्या माहेरवाशिणींना विटलेली इमारत दाखवायची? निदान जिना तरी आधी करा, तिथे पाऊस लागत नाही.

---

रंगकाम_धुळे

ओल नसेल तर जिना आधी करता येईल. आधी प्लास्टिकचा कागद लावून बघा.

---

सई_मेहरूण

पत्र काल दिलं, पोचसही घेतली. सचिवांना गेरूचं जोतं फार आवडलं. पायरीच्या पट्टीला अध्यक्ष खर्च म्हणून नाही म्हणत होते, म्हणून मी त्यांना खाली नेलं आणि सासऱ्यांना खडूच्या रेघांवरून उतरायला सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पत्रावर "पट्टी : दर मागवा" असं स्वतःच्या हातानं लिहिलंय.

बाहेरच्या सायीच्या रंगावर मात्र एकमत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका जांभळ्यावर अडून बसलेत, त्यांनीच तो अकरा वर्षांपूर्वी सुचवला होता. त्यांना मी उद्या पश्चिमेची आणि पूर्वेची भिंत एकाच वेळी दाखवायला नेणार आहे. आणि तळमजल्यावर प्लास्टिकचा कागद आज संध्याकाळी लावलाय. उद्या काढून इथे सांगते कुठली बाजू ओली निघाली.

---

सुलूताई_अमळनेर

वाट बघते बाळा. आणि ती खडूची रेघ पुसली गेली की पुन्हा मार, सभा होईपर्यंत.